फोटोवरून डुप्लिकेट ब्रेक डिस्क कशी ओळखायची: होलोग्रामपासून ओतलेल्या आकड्यांपर्यंत

ऑनलाइन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्पेअर पार्ट घेताना आपल्याकडे असतात ते फक्त फोटो. दुकानदार चार फोटो टाकतो, बॉक्स चकाचक, त्यावर होलोग्राम, आणि मेसेज असतो "एकदम ओरिजिनल, कंपनीचा माल". नवीन माणूस होलोग्राम बघतो आणि पैसे पाठवतो. मी हा लेख लिहितोय तो यासाठी की बॉक्स ही नकली बनवायला सगळ्यात सोपी वस्तू आहे आणि लोखंड सगळ्यात अवघड, पण आपण नेमकं उलटं करतो, बॉक्सकडे दहा मिनिटं बघतो आणि पार्टकडे दहा सेकंद.

उदाहरण म्हणून मी पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क घेतो, जिला बरेच जण रोटर म्हणतात. कारण यात सगळंच येतं, बॉक्स, लेबल, कोरलेला नंबर आणि ओतकामाच्या खुणा. आणि गाडी थांबवणारा पार्ट आहे, त्यामुळे इथे फसलो तर भुर्दंड फक्त खिशाला बसत नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. फोटोवरून पार्ट डुप्लिकेट आहे हे बऱ्याचदा खात्रीने सांगता येतं, पण ओरिजिनल आहे हे फोटोवरून कधीच खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे आपण शोधतोय ते घेऊ नये याची कारणं. सगळं तपासूनही एकही कारण सापडलं नाही तर मग घ्यायचा विचार करायचा, आणि तेव्हाही परत करण्याची सोय ठेवून.

आणि अजून एक, डुप्लिकेट आणि लोकल यात गल्लत करू नका. एखादी कंपनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बॉक्समध्ये डिस्क विकत असेल तर ती आफ्टरमार्केट, ती चांगली असेल किंवा साधारण असेल पण ती खोटी नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला माल. आपल्याला पकडायचाय तो हा.

आधी फोटो नीट मागवा

बहुतेक लोक इथेच हरतात. विक्रेत्याने जे फोटो दिलेत त्यावरच निर्णय घेतात, आणि ते फोटो कित्येकदा त्याचे नसतातच, कुठल्यातरी वेबसाइटवरून उचललेले असतात. म्हणून आधी तो फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो अजून पाच ठिकाणी दिसला तर समजा की प्रत्यक्ष माल अजून तुम्ही बघितलेलाच नाही. मग त्याला सांगा, एका चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ती पार्टशेजारी ठेवून फोटो काढ. ज्याच्याकडे माल आहे त्याला याला दोन मिनिटं लागतात. जो "साहेब विश्वास ठेवा ना" वर येतो त्याला नमस्कार करून पुढे जा.

फोटो कोणते मागायचे ते सांगतो. बॉक्सची सहाही बाजू, लेबलचा जवळून फोटो, होलोग्रामचा छोटा व्हिडिओ (फोटो नाही, व्हिडिओ, का ते पुढे येतं), डिस्क समोरून, डिस्क मागून म्हणजे मधल्या टोपीसारख्या भागाच्या आतली बाजू, आणि डिस्कची कड. कडेचे कमीत कमी दोन फोटो, एकमेकांच्या समोरासमोरच्या बाजूंचे, शेजारी स्टीलची पट्टी धरून. हा कडेचा फोटो कुणीच मागत नाही आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक कोरीव अक्षरं पुसट होतात, मग खरं अक्षर पण खोटं वाटायला लागतं. त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि कोरलेल्या नंबराचा फोटो काढताना मोबाइलचा फ्लॅश बंद, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून मारायचा. समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं, बाजूने मारला की अक्षराची सावली पडते आणि खोली कळते. टॉर्च कुठल्या बाजूला होता हेही विचारून ठेवा, कारण उजेड खालून आला असेल तर वर आलेलं अक्षर खोदल्यासारखं दिसतं आणि खोदलेलं वर आल्यासारखं, डोळा फसतो. वरच्या बाजूने मारायला सांगितलं की हा घोळ होत नाही.

बॉक्स आणि होलोग्राम

खरा होलोग्राम म्हणजे चमकणारा कागद नव्हे. त्याच्या आतली आकृती उजेडाचा कोन बदलला की बदलते, एक चिन्ह जाऊन दुसरं येतं, किंवा खोली असल्यासारखं मागचं पुढे सरकतं. नकली बऱ्याचदा असं असतं की इंद्रधनुषी रंग मारणारी साधी फॉइल घेतात आणि तिच्यावर शाईने लोगो छापतात. मग स्टिकर तिरका केला की रंग सगळीकडून एकसारखे धावतात पण लोगो जसाच्या तसा बसून राहतो. एका स्थिर फोटोत हे दोन्ही सारखेच चमकतात, म्हणूनच व्हिडिओ मागायचा. बॉक्स टेबलावर स्थिर, मोबाइल स्थिर, फक्त टॉर्च डावीकडून उजवीकडे फिरवायचा. आकृती बदलते की फक्त रंग पळतात, एवढंच बघा.

दुसरी गोष्ट स्टिकरच्या कडा. बॉक्सच्या झाकणावर सील म्हणून लावलेला होलोग्राम असेल तर तो काढला की फाटला पाहिजे किंवा मागे जाळीदार ठसा राहिला पाहिजे, तशीच त्याची रचना असते. कडा उचललेल्या, खाली डिंकाचा पिवळट थर, किंवा झाकणाच्या रेषेवर ब्लेडने बारीक कापून परत चिकटवल्याची खूण दिसली तर तो खरा होलोग्राम असून माल आतला बदललेला असू शकतो. हे नवीन लोकांना माहीत नसतं, की खरे बॉक्स विकत घेतले जातात. गॅरेजच्या मागे पडलेले कंपनीचे रिकामे बॉक्स भंगारवाल्याकडून जातात आणि त्यात दुसरा माल भरून येतो. बॉक्स खरा, होलोग्राम खरा, आतली डिस्क खोटी. म्हणून होलोग्राम पास झाला तरी तपासणी थांबवायची नाही.

क्यूआर कोडचंही तसंच. कोड स्कॅन झाला आणि हिरवी खूण आली म्हणजे काम झालं असं नाही. एकतर एकच खरा कोड हजार बॉक्सवर छापता येतो, मग पहिल्याला "खरा" येतो आणि बाकीच्यांना "आधीच तपासलेला आहे" येतं, हा दुसरा मेसेज आला तर सरळ माघार घ्या. दुसरं म्हणजे कोड उघडतो ती वेबसाइटच खोटी असू शकते, दिसायला हुबेहूब. त्यामुळे फोटोतला कोड स्कॅन करताना वर पत्ता नीट वाचा, किंवा कार कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर त्यातूनच स्कॅन करा.

लेबलवर कायद्याने काही गोष्टी असाव्याच लागतात. २०११ च्या पॅकबंद मालाच्या वजनमाप नियमांप्रमाणे उत्पादकाचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, नग किती, महिना-वर्ष, सगळ्या करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क. यातलं काही गायब असेल, किंवा एमआरपीवर दुसरा स्टिकर चिकटवलेला असेल, तर पेन घेऊन नोंद करा. महिना-वर्ष तर नक्की लिहून ठेवा, ते आपल्याला पुढे लोखंडाशी ताडून बघायचंय.

पार्ट नंबर

पार्ट नंबर म्हणजे नुसती आकड्यांची माळ नसते, त्यात अर्थ असतो. ह्युंदाईचं उदाहरण घ्या, पहिले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात, 51712 म्हणजे पुढची ब्रेक डिस्क, 58101 म्हणजे पुढच्या ब्रेक पॅडचा सेट, 26300 म्हणजे ऑइल फिल्टर, आणि डॅशनंतरचा भाग सहसा गाडीचं मॉडेल आणि बदल सांगतो. मारुतीच्याही नंबरात पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, म्हणजे 16510 ऑइल फिल्टर आणि 55810 पॅड सेट, आणि इथे बनलेल्या मालावर मधे बऱ्याचदा एम अक्षर येतं. त्यामुळे डिस्कच्या बॉक्सवर पॅडचा नंबर असेल तर तिथेच विषय संपतो, आणि असं होतं बरं का, कारण छापणारा माणूस नंबर वाचत नाही, समोरचा नमुना उतरवतो. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल पण अशीच होते. आपल्या गाडीचा बरोबर नंबर चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरला विचारा, सांगतात.

आता इथे एक मोठा गैरसमज आहे ज्यामुळे लोक खरा माल परत पाठवतात. बॉक्सवरचा नंबर डिस्कवर असतोच असं नाही. डिस्कवर बऱ्याचदा असतो तो ओतकामाचा नंबर, कारण एकाच ओतीव तुकड्यातून मशीनिंग वेगवेगळं करून दोन वेगळे पार्ट बनू शकतात, एकाला चार बोल्टची भोकं आणि दुसऱ्याला पाच, म्हणून ओतीव नंबर एक आणि विक्रीचे नंबर दोन. किंवा तिथे पुरवठादाराचा स्वतःचा नंबर असतो. तेव्हा "बॉक्सवर हा नंबर आणि डिस्कवर तो, म्हणजे खोटं" असं म्हणू नका. उलट विचार करा, डिस्कवर बॉक्समधलाच पूर्ण विक्री नंबर मोठ्या अक्षरात ठोकलेला असेल तर जरा जास्त नीट बघा, गिऱ्हाईकाला खूश करायला मुद्दाम टाकलेला असू शकतो.

नंबर कसा उमटवलाय ते महत्त्वाचं. लेझरने केलेला असेल तर रेषा बारीक, सगळीकडे सारख्या जाडीची, आणि कोटिंगनंतर मारलेला असेल तर खाली उघडं लोखंड दिसतं. डॉट पीन मशीनने केलेला असेल तर अक्षर बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, ठिपक्यांचं अंतर एकसारखं. या दोन्हीत ओळ सरळ असते. हाताने पंच ठोकला असेल तर एक अक्षर खोल आणि दुसरं उथळ, एक जरा वर एक खाली, एखादं किंचित तिरकं, कारण हातोडा दरवेळी सारखा बसत नाही. रोज हजारोंनी डिस्क बनवणारा कारखाना एकेक अक्षर हाताने ठोकत बसत नाही. आणि नुसती शाईने छापलेली अक्षरं असतील तर बाजूच्या उजेडात त्यांची सावलीच पडत नाही.

डिस्कवर अजून एक मजकूर शोधायचा, किमान जाडी. इंग्रजीत मिन टीएच असं लिहून पुढे मिलिमीटरचा आकडा असतो, सहसा कडेवर किंवा टोपीच्या भागावर. म्हणजे घासून घासून डिस्क एवढी झाली की बदला. हा आकडा नवीन जाडीपेक्षा साधारण दोनेक मिलिमीटरने कमी असतो, म्हणजे नवीन २२ ची असेल तर २० लिहिलेलं. आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी हा आकडा जुळत नसेल, किंवा आकडा नवीन जाडीएवढाच लिहिलेला असेल, तर तो बनवणाऱ्याला त्याचा अर्थच माहीत नव्हता.

ओतकामाच्या खुणा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण नकली बनवणारा इथे खरोखर अडकतो.

ब्रेक डिस्क ओतीव लोखंडाची, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नची असते. आपल्या कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावला ज्या फाउंड्र्या आहेत तिथे कुणी ओळखीचं असेल तर एकदा आत जाऊन बघाच, हे सगळं दहा मिनिटांत डोळ्यासमोर येतं. धातूचा पॅटर्न वाळूत दाबतात, पॅटर्न काढला की वाळूत पोकळी राहते, त्यात वितळलेलं लोखंड ओततात. डिस्क दोन थरांची, मधे हवा जायला पंखांच्या फटी असलेली असेल तर त्या फटींसाठी वाळूचाच एक वेगळा गाभा, ज्याला कोअर म्हणतात, तो आत बसवतात. नंतर वाळू झाडली जाते आणि जे भाग घासले जाणार तेवढेच मशीनवर कातले जातात. टोपीच्या आतली बाजू, फटी आणि पंख बहुतेक वेळा तसेच, वाळूचा खरखरीतपणा घेऊन राहतात.

फाउंड्रीचा लोगो, ओतीव नंबर, पॅटर्नचा नंबर आणि तारखेचा कोड हे पॅटर्नवरच वर उठवलेले असतात त्यामुळे डिस्कवरही ते वर आलेले दिसतात. आणि त्या अक्षरांचा पोत आजूबाजूच्या लोखंडासारखाच असतो, तसाच रवाळ. नकली बनवणाऱ्याकडे मूळ पॅटर्न नसतो. तो बाजारातून एक खरी डिस्क घेतो आणि तिच्यावरूनच साचा बनवतो, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. अशा साच्यातून लोगोच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, बारीक अक्षरांची पोटं भरून जातात, आठचा आकडा ठोकळ्यासारखा दिसतो. शिवाय ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. खरा पॅटर्न त्या हिशोबाने मोठा केलेला असतो पण तयार डिस्कवरून साचा घेतला तर आकसलेल्यावर पुन्हा आकसतं, म्हणजे जिथे १०० मिलिमीटर हवं तिथे ९९. कातलेल्या भागात हे लपवता येतं, न कातलेल्या भागात नाही. म्हणून पट्टी धरून टोपीच्या आतल्या लोगोचा, अक्षरांच्या ओळीचा फोटो मागा आणि आपल्या गाडीच्या मूळ डिस्कशी ताडून बघा. ओळ लांब असेल तरच हा फरक कळतो, दोन सेंटीमीटरच्या लोगोत एक टक्का म्हणजे काहीच नाही, तिथे ओढून ताणून निष्कर्ष काढू नका.

आपली स्वतःची जुनी डिस्क हाच सगळ्यात चांगला नमुना आहे. गाडी पहिल्यापासून तुमची असेल आणि डिस्क कधी बदलली नसेल तर मेकॅनिकला ती काढल्यावर टाकून देऊ नको म्हणून सांगा, ब्रशने साफ करून कडेचे आणि आतल्या बाजूचे फोटो काढून ठेवा. एक सावधगिरी आहे, कार कंपनी एकाच पार्टसाठी दोन पुरवठादार ठेवते, त्यामुळे लोगो वेगळा दिसला म्हणून लगेच खोटं म्हणायचं नाही. लोगोपेक्षा रचना ताडा: पंख किती, सरळ की वाकडे, डिस्क काढायला जी आटे पाडलेली दोन छोटी भोकं बऱ्याच डिस्कवर असतात ती आहेत का आणि आत आटे आहेत का, स्क्रूच्या भोकाला तिरकी खोबण आहे का. रचना ड्रॉइंगप्रमाणे ठरते त्यामुळे ती सहसा पुरवठादाराबरोबर बदलत नाही.

आता घासलेला डाग. कधी टोपीच्या आत जिथे लोगो असायला हवा तिथे ग्राइंडर मारलेला चकचकीत चट्टा दिसतो. नवीन माणूस घाबरतो. पण याचे दोन अर्थ आहेत. कार कंपनीला माल देणारा पुरवठादार तोच पार्ट स्वतःच्या नावाने बाजारात विकतो तेव्हा कार कंपनीचा लोगो घासून टाकतो, कारण तो लोगो लावून विकायचा हक्क त्याला नसतो. तर पुरवठादाराच्या स्वतःच्या बॉक्समध्ये असा चट्टा असेल तर काळजीचं कारण नाही, कधीकधी तर तो चांगला सौदा असतो. पण कार कंपनीच्या बॉक्समध्ये, कार कंपनीच्याच होलोग्रामसकट असा चट्टा असेल तर तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव पुसलेलं आहे.

आणि शेवटी कड. दोन थरांच्या डिस्ककडे कडेने बघितलं की तीन पट्टे दिसतात, बाहेरची भिंत, मधली फट, आतली भिंत. दोन्ही भिंती ड्रॉइंगप्रमाणे जेवढ्या असायला हव्या तेवढ्या असतात, बऱ्याच डिस्कमध्ये जवळपास सारख्या. ओतताना आतला कोअर नीट बसला नसेल तर तो एका बाजूला सरकतो, मग एक भिंत जाड आणि दुसरी बारीक. गंमत अशी की बाहेरचे दोन्ही पृष्ठभाग नंतर कातले जातात त्यामुळे व्हर्नियर लावला तर एकूण जाडी बरोब्बर येते, दुकानदार अभिमानाने व्हर्नियरचा फोटो पाठवतो आणि आपण खूश. पण बारीक भिंत पटकन तापते आणि जाड भिंत सावकाश, डिस्क वेडीवाकडी प्रसरण पावते, आणि हायवेवर जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायला लागतं. भिंत फारच बारीक असेल तर चीरही जाते. फटींच्या आत लोखंडाचे पातळ पापुद्रे, अर्धवट बुजलेल्या फटी दिसल्या तर तेही वाईट ओतकामाचंच लक्षण.

एक खरा व्यवहार, फोटो बाय फोटो

माझ्या मावसभावाने ऑनलाइन एकाकडून पुढच्या दोन डिस्कची जोडी बघितली होती, शोरूमच्या भावापेक्षा बरीच स्वस्त, आणि मला विचारलं घेऊ का. बॉक्स कार कंपनीचा. पहिले फोटो छान होते पण त्यात कड नव्हती, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे सगळे फोटो चिठ्ठीसकट मागवले. विक्रेत्याने दिले, कुरकुर न करता, म्हणजे माल त्याच्याकडे होता एवढं ठरलं.

होलोग्रामच्या व्हिडिओत आकृती नीट बदलत होती. स्टिकर खराच वाटला. मात्र झाकणाच्या रेषेवर तो सरळ कापलेला होता आणि वरून पारदर्शक टेप. विक्रेता म्हणाला फोटो काढायलाच उघडला, जे शक्य आहे, म्हणून ते बाजूला ठेवलं. लेबलवर पार्ट नंबर बरोबर, महिना फेब्रुवारी २०२४.

मग डिस्कची आतली बाजू. टोपीत वर आलेला कोड होता, त्यात २४ आणि शेजारी ६ दिसत होता. प्रत्येक फाउंड्री तारीख आपल्या पद्धतीने लिहिते, कुणी दिवस-महिना-पाळी, कुणी आठवडा-वर्ष, त्यामुळे २४ म्हणजे वर्षच असं मी म्हणालो नाही. पण तो जून २०२४ असेल तर फेब्रुवारीत पॅक झालेल्या बॉक्समध्ये जूनमध्ये ओतलेली डिस्क बसू शकत नाही. शंका नोंदवली, निकाल दिला नाही. कोडच्या वर ग्राइंडरचा चट्टा होता, अंगठ्याएवढा, आणि बॉक्स कार कंपनीचा. ही दुसरी खूण, आणि पहिलीपेक्षा बरीच जड. किमान जाडी २० लिहिलेली, पण अक्षरं पंचाने ठोकलेली, शून्य दोनच्या खाली घसरलेलं.

मग कडेचे फोटो. डिस्क २२ मिलिमीटरची. पट्टीशी ताडून मोजलं तर एका बाजूला बाहेरची भिंत अंदाजे ८, फट ९, आतली भिंत ५. समोरच्या बाजूला ७, ९ आणि ६. म्हणजे कोअर नुसता सरकलाच नव्हता तर तिरका बसला होता. बेरीज दोन्हीकडे २२ च येते, व्हर्नियरला कधीच कळलं नसतं. त्याच्या गाडीच्या जुन्या डिस्कवर, घासून पातळ झालेली असली तरी, पूर्ण फेरीत दोन्ही भिंती एकसारख्या दिसत होत्या.

आणि ज्यावर मी थांबलो ती गोष्ट वेगळीच. डिस्क बॅलन्स करायला तिच्या कडेतून थोडं लोखंड कटरने काढतात, चंद्रकोरीसारखी खाच दिसते. प्रत्येक डिस्कचं वजन वेगळ्या जागी जास्त असतं त्यामुळे ही खाच प्रत्येक डिस्कवर वेगळ्या जागी आणि वेगळ्या लांबीची येते, काहींवर तर नसतेच. या जोडीत दोन्ही डिस्कवर खाच टोपीतल्या कोडच्या हिशोबाने नेमकी त्याच जागी, त्याच लांबीची, आणि खाचेच्या आत कटरची चकाकी नाही तर वाळूचा रवाळ पोत. म्हणजे खाच कापलेली नव्हतीच, ओतलेली होती. कुणीतरी एक बॅलन्स केलेली खरी डिस्क घेऊन तिच्यावरून साचा काढला आणि तिची खाचही सगळ्यांवर उतरली. मावसभावाला सांगितलं, सोडून दे.

माल घरी आल्यावर

फोटो पास झाले आणि मागवलं, तरी बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरिअरचं लेबल दिसलं पाहिजे आणि मधे कट नको. मग फोटोतल्या खुणा प्रत्यक्ष मालावर शोधा, कारण फोटो एकाचे आणि माल दुसरा असंही करतात. पांढऱ्या कपड्यावर थोडा थिनर घेऊन नंबरावर पुसा, छापलेला असेल तर कपड्यावर येतो. व्हर्नियरने एकूण जाडी न बघता बाहेरची आणि आतली भिंत वेगवेगळी मोजा, कडेने चार ठिकाणी. लोखंडाचा दर्जा मात्र घरी कळत नाही, त्याला लॅबच लागते, डिस्क वाजवून किंवा चुंबक लावून ओळखणारे भेटतील पण कुठलंही ओतीव लोखंड चुंबकाला चिकटतंच.

बिल जीएसटीचं आणि त्यावर पार्ट नंबर लिहिलेलं घ्या, "ब्रेक डिस्क २ नग" एवढंच लिहून देत असेल तर नंतर तुमच्या हातात काही राहत नाही. खोटा निघाला तर डिस्क गाडीला बसवू नका, एकदा बसवली की परत घेत नाहीत. फोटो, व्हिडिओ, बिल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा, आणि त्याच वेळी कार कंपनीच्या ग्राहक विभागालाही कळवा, कारण त्यांच्या नावाचा वापर हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे आणि छाप्याची कारवाई बऱ्याचदा कंपनीच्याच तक्रारीवरून होते.

आणि खरा माल मिळाला, बसवला, वॉरंटीचा काळ संपला, की रिकामा बॉक्स रद्दीत देण्याआधी होलोग्रामवरून आणि लेबलवरून ब्लेड फिरवा. गॅरेजमध्ये काम करून घेतलं असेल तर जुन्या पार्टबरोबर नवीनचा बॉक्सही मागून घ्या, बिलात त्याचेही पैसे तुम्हीच दिलेत.